सोळा मिनिटं, वीस नव्हे

टक्का हा शब्द मी पत्रकांत भरपूर वापरला आहे. पगारवाढीचा टक्का, कायम कामगारांचा टक्का, बायकांचा टक्का. आकडा ठळक छापायचा, खाली प्रश्नचिन्ह टाकायचं आणि गेटवर वाटायचं. कॉलेजात असताना कामगार संघटनेत गेले तेव्हा हेच पहिलं शिकले. पण एखादा टक्का सरळ घरात येऊन जेवणाच्या ताटाशी बसेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

माझे वडील, आम्ही त्यांना पप्पा म्हणतो, इगतपुरीहून अंबडच्या एका कंपनीची कामगार-बस चालवायचे. बस ठेकेदाराची, कामगार कंपनीचे, आणि शिव्या दोघांच्या. आमची वस्ती रेल्वेलाइनच्या कडेला. बस रात्री वस्तीच्या तोंडाशी उभी असायची. पहाटे पप्पा बुद्धवंदना पुटपुटत काच पुसायचे आणि पाच पस्तीसला निघायचे. घोटी, वाडीवऱ्हे, मधली गावं करत सहा पंचावन्नला कंपनीच्या गेटवर. सातची पाळी. अंतर अठ्ठेचाळीस किलोमीटर, वेळ ऐंशी मिनिटं, म्हणजे तासाला सरासरी छत्तीस. खड्ड्यांच्या रस्त्यावर यापेक्षा जास्त निघत नव्हतं.

मग रस्त्याचं काम संपलं. कधी नव्हे ते नीट संपलं. त्याच रस्त्यावर, तेच थांबे घेत, बसची सरासरी पंचेचाळीसवर गेली. छत्तीसावर नऊ, म्हणजे पंचवीस टक्के वाढ. इथपर्यंत कुणाचं काही चुकलं नव्हतं.

बस लवकर पोचायला लागली तेव्हा पप्पांनी आणि प्रवाशांनी आपसांत एक सोय करून घेतली. निघायची वेळ तीच ठेवायची आणि विल्होळीच्या अलीकडे, एका बंद पडलेल्या ढाब्याच्या आवारात, बस उभी करायची. इंजिन बंद. मिळालेला वेळ आपला. मी गेटसभेला जायचे त्या दिवशी याच बसने जायचे, म्हणून ही सोय मी डोळ्यांनी पाहिली आहे. बायका तिथे वेण्या घालायच्या. काही जण डबा उघडून दोन घास खायचे. पॅकिंगमधल्या एक मावशी घोटीला चढायच्या, तोंडाने फटकळ, त्या चपला काढून सीटवर मांडी घालून बसायच्या आणि म्हणायच्या, "दिवसभरात हा एवढाच टाइम हाय जेव्हा मला कुणी हाक मारत नाय." मागच्या सीटवर कुणीतरी घोरत असायचं. पप्पा स्टिअरिंगवर हात ठेवून डोंगराकडे बघत बसायचे. कामगाराच्या वाट्याला आलेला असा वेळ मी दुसरीकडे कुठेही पाहिलेला नाही, आणि मी गेटं बरीच पाहिली आहेत.

अर्थात तो टिकला नाही.

कंपनीत ट्रान्सपोर्ट बघणारा एक साहेब होता. तरुण, स्वच्छ, बोलायला गोड. बसवर बसवलेल्या जीपीएसचा महिन्याचा रिपोर्ट त्याच्याकडे जायचा. त्यात लिहिलं होतं, सरासरी वेग पंचवीस टक्क्यांनी वाढला. इंजिन बंद असलेला वेळ त्या सरासरीत धरत नाहीत, म्हणून आमच्या ढाब्याचा तिथे पत्ताच नव्हता. साहेबाने रिपोर्ट वाचला आणि पत्रक काढलं. हो, तेही पत्रकच, फक्त त्याला सर्क्युलर म्हणतात. वेग पंचवीस टक्के वाढला, सबब प्रवासाचा वेळ पंचवीस टक्के कमी. ऐंशीचे पंचवीस टक्के वीस. बस यापुढे पाच पस्तीसऐवजी पाच पंचावन्नला सुटेल, साठ मिनिटांत पोचेल. ड्रायव्हरची ड्युटीही जाता-येता तेवढी कमी मोजली जाईल.

सही, शिक्का, फळ्यावर.

प्रवासी खूश झाले. हे लिहिताना आजही राग येतो, पण ते खूश झाले आणि त्यांचं खूश होणं खोटं नव्हतं. पहाटेची वीस मिनिटं म्हणजे नळाच्या दोन हंड्यांची वेळ. मावशी म्हणाल्या, "ढाब्यापेक्षा घरातच बरं. अंथरुणात वीस मिनिटं म्हणजे माहेर."

पहिल्याच दिवशी बस सहा एकोणसाठला पोचली. गेटपासून अंगठ्याच्या मशीनपर्यंत चालत जायला लागतं, तिथे रांग असते. सगळ्या बसला लेट मार्क. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तीन लेट मार्कांना अर्धा दिवस कापतात. आठवड्याच्या शेवटी बस उशिरा आणल्याबद्दल ठेकेदाराने पप्पांना नोटीस दिली. पुढच्या आठवड्यात दुसरी. तिसरी आली की बसवरून उतरायचं, हा ठेकेदाराचा नियम. पप्पा छप्पन्न वर्षांचे. या वयाच्या ड्रायव्हरला नवीन ठेकेदार उभा करत नाही, आधी डोळ्यांचा दाखला मागतो आणि मग फोन उचलत नाही. तिसरी नोटीस म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणी कुणाला समजावून सांगितलं नाही.

बसमधलं वारं फिरलं. त्या सोमवारी मी बसमध्ये होते.

"काका, जरा दाबा की," मागून एक जण म्हणाला.

"दाबतोय. पाय फळीला टेकलाय," पप्पा म्हणाले.

"रस्ता तर लोण्यासारखा केलाय. मग चार मिन्टं जातात कुठं?"

"तुझ्या गावच्या थांब्यावर जातात. तू रोज धावत येतो, मी तुझ्यासाठी थांबतो."

लोक हसले. मावशी हसल्या नाहीत. "भाऊ, हसण्यावारी नका नेऊ. माझा अर्धा दिवस कापला. साहेब सांगतो, ड्रायव्हर हळू चालवतो."

पप्पांनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघितलं. माझं डोकं फिरलं. मी उठले, दांडीला धरून उभी राहिले आणि गेटसभेत बोलतात त्या आवाजात म्हणाले, "ड्रायव्हर हळू चालवत नाही. साहेबाचं गणित चुकलंय."

"आली बघा लीडर," मागून कुणीतरी म्हणालं.

"मला एवढंच सांगा," मी म्हटलं, "वेग पंचवीस टक्के वाढला म्हणून वेळ पंचवीस टक्के कमी होत असेल, तर वेग शंभर टक्के वाढला, दुप्पट झाला, तर वेळ किती कमी होईल? शंभर टक्के? म्हणजे इगतपुरीला दारात पाय ठेवला की अंबडला उतरलो?"

मागचा एक जण बोटं मोजायला लागला.

"मग आंघोळ कुठं करायची?" मावशींनी विचारलं.

तिथून पुढे ऐकायला लागले. दुप्पट वेगाने वेळ निम्मा होतो, हे कुणालाही कळतं. म्हणजे शंभर टक्के वाढीला पन्नास टक्के बचत. वाढ जुन्या वेगावर मोजायची, बचत जुन्या वेळेवर मोजायची, आणि दोन्ही टक्के कधीच सारखे येत नाहीत. वाढ नेहमी मोठी दिसते, बचत नेहमी त्याहून लहान. आपल्या बसचा वेग चाराचा पाच झाला. मग वेळ पाचाचा चार होतो. पाचातला एक गेला, म्हणजे वीस टक्के. ऐंशीचे वीस टक्के सोळा. चौसष्ट मिनिटं लागतात, साठ नव्हे. पाच पंचावन्नला निघालं की सहा एकोणसाठच वाजणार. ढाब्यावर आपण बसायचो ती सोळा मिनिटंच होती, वीस नव्हतीच कधी.

"म्हणजे चार मिन्टं साहेबाने हवेतून काढली," मावशी म्हणाल्या.

"हवेतून काढली आणि तुमच्या अर्ध्या दिवसातून वसूल केली."

हे वाक्य मी त्याच दुपारी पत्रकात घातलं. मोठ्या टाईपात. पप्पांना दाखवलं तर त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाले, "पोरी, छापू नको."

"का? चूक आहे का?"

"चूक बरोबर मला नाय कळत. साहेबाला लोकांसमोर चुकीचा म्हटलं की तो चूक दुरुस्त नाय करत, माणूस दुरुस्त करतो."

मी छापलं. गप्प बसायचं असतं तर मी दुसरं काहीतरी शिकले असते.

पत्रक वाटल्यावर तीन दिवसांत साहेबाने बोलावलं. एसी केबिन, टेबलावर पाण्याची बाटली, भिंतीवर सुरक्षेची पोस्टरं. मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. संघटनेत सांगतात की चहा आला की सावध व्हायचं. मी चहा प्यायले नाही, पण सावधही झाले नाही, कारण माझा हिशेब पक्का होता.

"ताई, तुम्ही लिहिलंय गणित चुकलं. दाखवा."

मी त्याच्याच पॅडवर दाखवलं. अठ्ठेचाळीस भागिले छत्तीस, ऐंशी मिनिटं. अठ्ठेचाळीस भागिले पंचेचाळीस, चौसष्ट मिनिटं. मग जीपीएसवर सर्क्युलरच्या आधीच्या महिन्यातले थांबे काढायला सांगितले. विल्होळीच्या अलीकडे रोज बस उभी. त्याने माउस फिरवला, दिवसांमागून दिवस पाहिले. बहुतेक दिवशी सोळाच्या आसपास. मग खळखळून हसला, अगदी मोकळेपणाने. मला त्या क्षणी तो माणूस आवडला, हे सांगून टाकते.

"आमचीच चूक," तो म्हणाला. "ड्रायव्हरच्या दोन्ही नोटिसा मागे घ्यायला सांगतो ठेकेदाराला."

"आणि बस पाच एक्कावन्नला सोडा. चार मिनिटांचाच प्रश्न आहे."

"ते अवघड आहे. वीस मिनिटांचा रिपोर्ट वर गेलाय. पण मला एक सांगा, साठ मिनिटांतच यायचं असेल तर काय लागेल?"

मला वाटलं, हा आता पूर्ण हरला. मी पेन उचललं. वेळ चाराचा तीन हवा असेल तर वेग तिनाचा चार लागेल, मी म्हटलं. छत्तीसाचा अठ्ठेचाळीस. म्हणजे पंचवीस टक्के नाही, तेहतीस टक्क्यांहून थोडी जास्त वाढ लागते. हे मी त्याला अशक्य म्हणून सांगत होते. रस्त्याने जेवढं द्यायचं तेवढं दिलंय, साहेब. थांब्यांवर बारा मिनिटं जातातच, माणसं चढायला घाई ऐकत नाहीत. उरलेल्या बावन्न मिनिटांची अठ्ठेचाळीस करायची, तर सगळी ओढ मोकळ्या रस्त्यावर येणार. हे सगळं मी बोलले. तो मान डोलावत होता. त्याने अठ्ठेचाळीसभोवती गोल काढला.

"थँक यू, ताई. हेच कुणी नीट सांगत नव्हतं."

नोटिसा खरंच मागे घेतल्या. मावशींनी घोटीहून पेढे आणले, बसमध्ये वाटले, मला दोन दिले. पप्पांनी एक पेढा देवळीतल्या बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवला आणि मला म्हणाले, "तुझं शिक्षण फुकट नाय गेलं." ते सहसा असं बोलत नाहीत.

दोन दिवसांनी नवं सर्क्युलर लागलं. या वेळी गणित अगदी बरोबर होतं. प्रवासाचा वेळ पंचवीस टक्के कमी करण्याचं उद्दिष्ट कायम आहे. त्यासाठी वेगात तेहतीस टक्के वाढ आवश्यक. सर्व ड्रायव्हरनी सरासरी अठ्ठेचाळीस राखावी. सुटण्याची वेळ पाच पंचावन्न.

हिशेब माझा होता. अठ्ठेचाळीस आणि तेहतीस, दोन्ही आकडे माझेच होते.

पप्पांनी सर्क्युलर वाचलं, घडी केली, खिशात टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बस सहा पंचावन्नला गेटवर लावली. कुणालाही लेट मार्क नाही. उतरताना लोक त्यांच्या खांद्यावर थाप मारून गेले. मावशी म्हणाल्या, "भाऊ, आज विमानच केलं की." मी त्या दिवशी पप्पांच्या लगेच मागच्या सीटवर होते. वाडीवऱ्ह्याच्या पुढे काटा कुठे गेला होता ते मला दिसलं होतं, आणि पप्पांची मान किती ताठ झाली होती तेही.

बसचा वेग सत्तरच्या वर गेला की ठेकेदाराच्या मोबाईलवर लाल खूण येते. हा नियम आधीपासूनचा. तीन लाल खुणा म्हणजे ड्रायव्हर खाली. आधी त्या नियमाची कुणाला आठवणही नव्हती, कारण पंचेचाळीसच्या सरासरीत सत्तर ओलांडायची गरजच पडत नव्हती. अठ्ठेचाळीसच्या सरासरीला पडते. पहिली लाल खूण त्या विमानाच्या दिवशीच आली. दुसरी पुढच्या दिवशी.

मी पुन्हा केबिनमध्ये गेले. या वेळी खुर्ची दिली नाही.

"तुम्ही अठ्ठेचाळीस मागता आणि सत्तरला लाल खूण काढता. दोन्ही एकत्र कसं होणार?"

"सुरक्षेत तडजोड नाही, ताई," साहेब म्हणाला. मागे पोस्टर होतंच.

"मग सरासरी कमी करा."

"वेळेत तडजोड नाही. आणि हे तर तुम्हीच काढून दिलंत ना? साठ मिनिटांना अठ्ठेचाळीस. चुकलं होतं का?"

चुकलं नव्हतं. आजही चुकलेलं नाही. हे मी त्याला सांगितलं आणि हेही सांगितलं की मी अशक्य काय ते सांगायला आले होते आणि तू त्याचा आदेश केलास. अरे-तुरे केलं. बाहेरच्या सिक्युरिटीने दंडाला धरून गेटपर्यंत आणलं. ते ठीक आहे, त्याची सवय आहे.

त्या रात्री पप्पा जेवताना म्हणाले, "उद्या मी पंचेचाळीसनेच जाणार. काय व्हायचं ते लेट मार्कात होऊ दे."

सकाळी ते पंचेचाळीसने निघाले. घोटीला मावशी चढल्या. घड्याळ बघितलं, वाडीवऱ्हे आलं, पुन्हा बघितलं.

"भाऊ, आज उशीर होणार."

"होणार, मावशी."

"अर्धा दिवस कापल्यावर माझे पुन्हा दोन झालेत. आज तिसरा."

पप्पांनी पुढच्या ट्रकला हॉर्न दिला.

"पोराची फी भरायचीय," त्या हळू म्हणाल्या. एरवी त्या कधीच हळू बोलत नाहीत.

मी पुढे येऊन म्हटलं, "मावशी, त्यांच्या दोन लाल खुणा झाल्यात. तिसरी आली की त्यांना काढतील."

"मला ठाऊक हाय गं," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाकी कुणी एक शब्द बोललं नाही. चाळीस माणसं आणि इंजिनाचा आवाज. कुणी 'दाबा' म्हटलं असतं तर पप्पांनी चार गोष्टी सुनावल्या असत्या. कुणी म्हटलं नाही.

पप्पांनी गिअर बदलला. मी "पप्पा" म्हटलं. त्यांनी हात वर करून मला मागे बसायला सांगितलं. काटा सत्तरच्या पुढे गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. सहा पंचावन्नला बस गेटवर होती. लोक उतरले. त्या दिवशी खांद्यावर थाप मारायला कुणी थांबलं नाही, रांग धरायची होती. मावशी शेवटी उतरल्या. पायरीवर थांबल्या, पप्पांच्या पायांना हात लावायला वाकल्या, तर पप्पांनी पाय मागे घेतले. "जा, मशीन बंद होईल," म्हणाले.

दुपारी ठेकेदाराचा फोन आला. चावी आणि ओळखपत्र जमा करा.

मी संघटनेत विषय मांडला. ठरावही झाला. पण ठेक्याचा ड्रायव्हर ना कंपनीचा कामगार, ना कुठल्या मागणीपत्रात त्याचा रकाना. लेबर ऑफिसात अर्ज दिला आहे, तारीख पडते. नवीन ड्रायव्हर चोवीस-पंचविशीचा आहे. त्याला गावचे थांबे माहीत नाहीत, धावत येणाऱ्यासाठी तो थांबत नाही. ते वाचलेलं मिनिट तो अठ्ठेचाळीसमध्ये भरतो. वाडीवऱ्ह्याचा तो धावत येणारा माणूस आता थांब्यापर्यंत मोटरसायकलने येतो, तरी बस चुकते.

ओळखपत्र द्यायला पप्पांबरोबर मी गेले होते. गेटच्या आत नोटीसबोर्ड आहे, काचेच्या मागे. त्यावर रंगीत कागद लावला होता, बसचं चित्र काढलेलं, आणि खाली मोठ्या अक्षरांत: वेग तेहतीस टक्क्यांनी वाढवला, वेळ पंचवीस टक्क्यांनी वाचवला. अभिनंदन.

पप्पांनी खिशातून चष्मा काढला. सावकाश वाचलं. मग पुन्हा वाचलं, माझं पत्रक वाचलं होतं तसंच.

"हे बरोबर हाय का गं?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, चष्मा घडी करून खिशात ठेवला, आणि खिडकीपाशी जाऊन ओळखपत्र आत सरकवलं. बाहेर आलो तर आमची बस समोर उभी होती, नवा पोरगा काच पुसत होता. पप्पा त्याच्याजवळ गेले. मला वाटलं, लाल खुणेबद्दल सांगतील.

"वाडीवऱ्ह्याला एक जण मोटरसायकल लावून चढायला बघतो," ते म्हणाले. "त्याला घेत जा. अर्धं मिनिटच लागतं."

पोरगा 'बरं काका' म्हणाला. त्याने घेतलं असेल असं मला वाटत नाही.